अ‍ॅप काढलं म्हणजे पैसे थांबले असं नाही

ताई, अ‍ॅपवर दर महिन्याला जाणारा खर्च कापायला बसलीस ते बरं केलंस, पण आधी माझ्या भाचीचं ऐक. शहापुरात दोन खोल्यांत नवरा-बायको राहतात. गणपतीच्या महिन्यात जावयाचा पगार लांबला, तेव्हा त्यांनी फोनवरची सिनेमाची दोन अ‍ॅप सरळ उडवली. पुढच्या महिन्यात २९९ रुपये पुन्हा गेले!

अ‍ॅप काढलं तरी ऑटोपेची, म्हणजे आपोआप पैसे कापायची, परवानगी तशीच राहते. ज्यावरून पैसे भरतेस, त्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते. तिथून रद्द कर. कार्डावरचं किंवा प्ले स्टोअरचं मात्र तिथं दिसेलच असं नाही, म्हणून तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून बस. पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो, तोही वाचत जा.

भाचीनं मग सगळंच बंद केलं आणि ज्याची आठवण येईल तेच परत घ्यायचं ठरवलं. सिनेमांची आठवण कुणालाच आली नाही. मॅच जावई मित्राकडं बघतो, तसाही तो एकटा बघत नव्हताच. चौथ्या दिवशी भाकऱ्या थापताना तिला जाहिरातींनी वैताग आणला, म्हणून ११९ रुपयांचं गाण्यांचं तेवढं परत आलं.

फोटोंच्या जागेचे पैसे मात्र घाईनं बंद करू नकोस. गूगलवर फोटोंची आणि जीमेलची जागा एकच असते, ती भरली की नवीन मेल येणंही थांबतं. आधी फोटो पेनड्राइव्हवर उतरव, उघडून बघ, तिथले काढून जागा मोकळी कर, मग रद्द कर.