बिल ६०० ताटांचं, जेवले ४८०

‘जुळे सोलापुरात रविवारी मुलीचं लग्न झालं. केटररला ६०० ताटांची ऑर्डर होती, दर २४० रुपये, ॲडव्हान्स ५०,०००. बुधवारी फोनवर आणि शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ४५० कळवलं. आता तो ६०० चंच बिल मागतोय. द्यावं लागेल का? ऑर्डर फॉर्म, मेसेज आणि बिलाचे फोटो जोडले आहेत.’

फॉर्मच्या मागच्या बाजूला चौथी अट आहे: ‘ताटे कमी करायची असल्यास तीन दिवस आधी लेखी कळवावे.’ त्याखाली तुमची सही आहे. सही करताना ही ओळ वाचली असती, तर बुधवारी फोनऐवजी मेसेज केला असता. शुक्रवारचा मेसेज लेखी आहे पण उशिरा. बुधवारचा फोन वेळेत आहे पण तोंडी, आणि केटररनं नाकारला तर सिद्ध करणं अवघड.

तुमची बाजू उभी आहे ती त्याच्या उत्तरावर. मेसेजखाली ‘ठीक आहे साहेब, ४५० चं करतो’ असं आलं आहे. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोघांनी संमतीनं करार बदलला, की जुना पाळायची गरज उरत नाही. पण फोटो असा कापलाय की तारीख आणि नंबर दोन्ही गेले! आजच पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि फोन विकू किंवा रिसेट करू नका. कोर्टात नुसती प्रिंट पुरत नाही, सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

हे उत्तर नसतं तर? करार कायद्याच्याच कलम ७४ प्रमाणे त्याला वाजवी भरपाईच मिळावी, असं म्हणता आलं असतं. ते न्यायाधीशांना पटलंच असतं, याची खात्री मी देणार नाही.

आता पैशांचं. ‘जेवले ४८०’ हे बिलावर त्यानंच लिहिलंय. कळवल्यापेक्षा ३० ताटं जास्त उठली, त्यांचे पैसे द्यायचेच. ४८० ताटांचे १,१५,२०० होतात. ॲडव्हान्स वजा करून ६५,२०० उरतात. एवढे याच आठवड्यात बँकेतून पाठवा, आणि ‘४८० ताटांचा पूर्ण हिशेब, बाकी काही देणं नाही’ असा मेसेज करा. ‘उरलेलं नंतर बघू’ हे चुकूनही लिहू नका. वादात राहतात १२० ताटांचे २८,८००. ते हवे असतील तर दावा त्यानं लावायचा, तीन वर्षांच्या मुदतीत. आपल्याकडे एवढ्याशा रकमेच्या दाव्यालाही वर्षानुवर्षं तारखा पडतात, त्यामुळे तो कदाचित कोर्टात जाणारही नाही. तरी समन्स आलं, तर ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायला वकील गाठा.

लोक काय म्हणतील म्हणून पूर्ण बिल भरून टाकलंत, तर तेच २८,८०० परत मिळवायला जिल्हा ग्राहक आयोगात तुम्हाला जावं लागेल, तेही दोन वर्षांच्या आत.