एफडीला हप्ता नसतो

"मी मिरजेत वडिलांबरोबर तंबोरे बनवतो आणि दुरुस्त करतो. महिन्याला ३५,००० सुटतात. जवारीचे, म्हणजे तारांखालची घोडी घासून झंकार बसवायचे, १,५०० घेतो. तार बदलणं, सूर लावणं अशा साध्या गोष्टी शिकवणारं यूट्यूब चॅनेल काढायचं आहे, म्हणजे हळूहळू गिऱ्हाईकही वाढेल. कॅमेरा, लाइट, लॅपटॉप मिळून १,२०,००० लागतील. बायकोच्या पाटल्यांवर कर्ज काढू का? वर्षभरात महिन्याला २५,००० सुरू होतील असा अंदाज आहे. एफडीचा मार्चमधला ६०,००० चा तिसरा हप्ताही पुढे त्यातूनच निघेल. बँकेतल्या साहेबांनी करून दिलीय, पाच वर्षांत ३ लाखांचे ६ होतात. तसं त्यांनी डायरीच्या पानावर लिहूनही दिलंय."
– एक वाचक, मिरज

पाटल्या कपाटातच राहू द्या. चॅनेल काढा, पण कर्ज काढून नको. आता तुम्ही जे विचारलेलंच नाही त्याकडे येतो.

एफडीला हप्ता नसतो. एकदा पैसे ठेवले, पावती घेतली, संपलं. आवर्ती ठेवीला हप्ता असतो, पण तो महिन्याचा. दरवर्षी मार्चमध्ये साठ हजार मागणारी गोष्ट बँकेत विकली जाते, तिचं नाव विमा पॉलिसी. घरी जाऊन कागद काढा. वर विमा कंपनीचं नाव आणि खाली 'विमा रक्कम', 'प्रीमियम भरण्याची मुदत' असे शब्द दिसले की शंका मिटली. त्या मुदतीपुढे पाच नव्हे, दहा किंवा बारा वर्षं लिहिलेली असतील, तर दचकू नका. बहुतेकांच्या कागदावर तेच निघतं.

दामदुपटीचा हिशेब तोंडी होतो. ७२ ला वर्षांनी भागा. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे १४ टक्क्यांच्या वर व्याज, तेही सगळी रक्कम पहिल्या दिवशी ठेवली तर. तुम्ही हप्त्याने भरताय, म्हणजे दर याहूनही जास्त हवा. एवढं व्याज कुठली बँक देते ते त्या साहेबांनाच विचारा. अशा पारंपरिक पॉलिसीत शेवटी पाच-सहा टक्के सुटले तरी पुष्कळ.

तिसरा हप्ता भरण्याआधी कंपनीच्या शाखेतून (बँकेतून नव्हे) दोन आकडे लेखी मागा. आज पॉलिसी मोडली तर हातात किती येतील, आणि पुढचे हप्ते बंद करून ती तशीच ठेवली तर मुदतीअखेर किती मिळतील. जुन्या नियमाने दोन हप्त्यांनंतर मोडली तर भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे १,२०,००० चे साधारण ३६,००० हमीने मिळतात. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांखाली घेतली असेल तर आकडा बराच बरा असू शकतो. आकडा कितीही वाईट असला तरी आणखी आठ-दहा हप्ते भरण्याशी त्याची तुलना करा. गेलेल्या पैशाशी नको.

आणि ते डायरीचं पान जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. बहुतेकांकडे नुसता तोंडी शब्द असतो, तुमच्याकडे साहेबांचं अक्षर आहे. ते जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा: एफडी सांगून विमा विकला, पैसे परत हवेत. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं. साहेब ओळखीचे आहेत म्हणून भीड वाटेल, पण साठ हजार तुमच्या खिशातून जातायत.

आता चॅनेल. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेलं या तासांत धरत नाहीत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी चार मिनिटं थांबला तर ६०,००० वेळा पाहिलं गेलं पाहिजे. तंबोऱ्याच्या व्हिडिओला हे जमेलही. पण हजार व्ह्यूजमागे पन्नास रुपये धरले तरी साठ हजारांचे होतात ३,०००. महिन्याचे नव्हेत, वर्षाचे! महिन्याला २५,००० हवे असतील तर दर महिन्याला पाच लाख व्ह्यूज हवेत. तंबोऱ्याची तार बदलायला शिकणारे एवढे लोक आणणार कुठून?

उलट चॅनेल पाहून महिन्याला दोनच जवाऱ्या जास्त आल्या तर वर्षाचे ३६,००० झाले. म्हणून व्ह्यूज मोजू नका. येणाऱ्या प्रत्येकाला "कुठून कळलं?" विचारा आणि वहीत लिहा.

खरा खर्च कॅमेऱ्याचा नाही, दिवसांचा आहे. एक व्हिडिओ करायला अख्खा दिवस जातो आणि तुमचा दिवस साधारण १,३५० रुपयांचा. महिन्याला दोनच करा, वर्षाला ३२,००० ची मजुरी बुडाली. म्हणजे सगळं नीट जमलं तरी पहिल्या वर्षी जेमतेम बरोबरी. मिळकत शून्य धरूनच सुरू करा.

चित्राला आहे तो फोन पुरेसा आहे, आवाजाला नाही. फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय सलग चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबते, आणि तंबोरा म्हणजे सलग आवाजच! जवारीची सगळी झंकार त्यात मरते. तेव्हा बाहेरचा माइक घ्या, आवाजाची पातळी हाताने लावता येईल असं अॅप वापरा आणि ती सोय बंद करा. आधी तंबोरा नुसता छेडून रेकॉर्ड करा आणि वडिलांना हेडफोनवर ऐकवा. ते "हा आपला आवाज" म्हणाले की पुढे जा. स्टँडसकट सात-आठ हजारांत भागेल.

शिकवताना हात आखडू नका. तार बदलणं, घसरणाऱ्या खुंटीला खडू लावणं, तारेखालचा दोरा म्हणजे जीव पुढेमागे सरकवून झंकार शोधणं, सगळं दाखवा. जो घरी करू शकतो तो या कामांसाठी तसाही तुमच्याकडे येणार नव्हता. गिऱ्हाईक त्यापुढच्या मिनिटात आहे: जीव कुठेही ठेवला तरी आवाज बसकाच राहतो, आणि तार बाजूला केली की घोडीवर नखाला लागेल अशी चर दिसते. ती चर कॅमेऱ्यासमोर जवळून दाखवा आणि सांगा, इथे आता कानस लागते, घरी करू नका, घोडी वाया जाईल. तुमचा नंबर तिथेच पडद्यावर यायला हवा.

अडचण पुढे आहे. जवारीला अख्खा तंबोरा यावा लागतो, आणि भोपळा कुरिअरने पाठवायला सहसा कोणी धजत नाही. नागपूरचा प्रेक्षक कितीही खूश झाला तरी त्याचा तंबोरा मिरजेला येणं कठीण. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर इथले येतील. पुण्यासाठी मात्र महिन्यातला एक दिवस ठरवा, व्हिडिओत तारीख सांगा आणि चार तंबोरे आधी नोंदवले गेले तरच हत्यारं घेऊन रेल्वेत बसा. सहा हजारांतून प्रवास-जेवणाचे हजार गेले तरी हातात पाच उरतात.

मार्चचे साठ हजार वाचले तर त्यातले आठ माइक-स्टँडला, बाकीचे बचत खात्यात. पण आधी पॉलिसीचा कागद काढा, व्हिडिओ नंतर.