चार कोटींचा क्लेम आणि चाळीस लाखांचं व्हाउचर

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, आम्ही तिघे भागीदार. नऊ आठवड्यांपूर्वी रात्री गोदाम आणि लूमचा एक शेड जळाला. माणसं वाचली. चार कोटींचा क्लेम टाकलाय: इमारत ४५ लाख, यंत्रं १.३० कोटी, माल २.२५ कोटी. सर्वेअर म्हणतात मालाची मोजणी बाकी आहे, अजून तीन महिने लागतील. बँकेनं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, गोठवल्यासारखी केलीय, कामगारांचा पगार थकलाय. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, चाळीस लाख आत्ता देतो, व्हाउचरवर सही करा. काही रक्कम आधी मागता येते का? आणि सही केली तर पुढचं जातं का?

उत्तर: त्या व्हाउचरवर आज सही करू नका. त्याचा फोटो पाठवला असतात तर बरं झालं असतं, पण त्यात काय छापलेलं असेल याचा अंदाज आहे: ‘फुल अँड फायनल’, म्हणजे पूर्ण आणि अंतिम. याच शब्दांवर सही करून माझ्याकडे आलेला एक पक्षकार अजून आठवतो. तोही टॉवेलवाला. पगाराच्या शनिवारी सही केली आणि सोमवारी विचारायला आला, ‘वकीलसाहेब, बाकीचे कधी मिळतील?’

अंतरिम रकमेला विमा क्षेत्रात ‘ऑन अकाउंट पेमेंट’ म्हणतात. आधी तिची मर्यादा सांगतो. पॉलिसीत तसं कलम छापलेलं असेल तर तो तुमचा करारातला हक्क. नसेल तर ती कंपनीच्या अधिकारातली गोष्ट आहे. जबाबदारीबद्दल वाद नसेल आणि सर्वेअरनं अंतरिम अहवालात तशी शिफारस केली असेल तर कंपन्या देतात. म्हणून मागणी कंपनीच्या क्लेम विभागाकडे जायला हवी, प्रत सर्वेअरला, आणि दोन्ही ईमेलवर. सर्वेअर फोनवर ‘मी बोलतो त्यांच्याशी’ म्हणाले, एवढ्यावर थांबू नका. कंपनीत मंजुरी देणारा अधिकारी वेगळा असतो आणि त्याच्या टेबलावर कागद जातो, फोन जात नाही.

बहुतेक जण चुकतात ते आकड्यात. लोक लिहितात, ‘आमचा क्लेम चार कोटींचा, त्यातले निम्मे द्या.’ अशा पत्राला उत्तर ठरलेलं असतं: असेसमेंट सुरू आहे. चार कोटी हा तुमचा आकडा आहे, तो अजून कोणी मान्य केलेला नाही. सगळे वाद कंपनीच्या बाजूनं सुटले तरी जी रक्कम द्यावीच लागेल, तिच्यातला हिस्सा मागायचा असतो. म्हणजे आपल्याच क्लेमची आपणच कात्री लावून मोजणी करायची. तुमच्या आकड्यांवर तीच करून बघू. जिथे तुम्ही आकडा दिलेला नाही तिथे मी उदाहरणाला धरलाय, तो तुमच्या वह्यांवरून बदला.

माल आधी घेतो, कारण अडकलंय तिथेच. तुमच्या २.२५ कोटींमागे बहुधा बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट असावं. समजा आगीआधीच्या महिनाअखेरीस त्यात २.४० कोटींचा माल दाखवलाय आणि सर्वेअर जीएसटी रिटर्नवरून ट्रेडिंग अकाउंट बसवून २.०५ कोटींवर आलेत. पस्तीस लाखांची ही तफावत तुम्हीच आधी उघडी करा. सोलापुरात कोणाला सांगायला नको, कित्येक कारखान्यांत बँकेचं स्टेटमेंट विक्रीच्या भावानं भरलं जातं, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, मालावर बँकेतून उचलता येणारी रक्कम, वर राहते. आगीच्या विम्यात तयार माल साधारणपणे उत्पादन खर्चानं मोजतात. फरक भावाचा असेल आणि महिनाअखेर ते आगीच्या रात्रीदरम्यान गेलेल्या गाड्यांचा असेल, तर तसा तक्ता सीएकडून करून घ्या. काहीच स्पष्टीकरण नसेल तर २.४० चा हट्ट सोडा. फुगवलेल्या क्लेमवर पॉलिसीची फसवणुकीची अट लागली तर नुसता माल नाही, अख्खा क्लेम जातो.

तेव्हा धरायचा आकडा २.०५ कोटी. पण ट्रेडिंग अकाउंटात तुमच्या मालकीचा सगळा माल येतो, बाहेर पडलेलासुद्धा. समजा १८ लाखांचं सूत त्या रात्री रंगाईवाल्याकडे होतं. ते जळलेलं नाही, म्हणून वजा. तुम्ही विसरलात तरी जॉबवर्कची चलनं आणि जीएसटीचं ITC-04 विवरणपत्र बघून सर्वेअर ते काढणारच. पलीकडच्या खोलीत शाबूत राहिलेला २५ लाखांचा माल वजा. उरले १.६२ कोटी. भिजलेले, धुरानं काळे पडलेले टॉवेल काही ना काही भावानं विकले जातील. त्याचे २० लाख वजा केले की राहतात १.४२ कोटी. हा भिजका माल सर्वेअरबरोबर संयुक्त यादी करून, वजन लिहून, त्यांची लेखी संमती आल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका. पावसाळा तोंडावर आहे, वास मारतोय, हे सगळं खरं. पण यादीशिवाय गेलेल्या मालाची किंमत मग सर्वेअर ठरवतील ती.

यंत्रांचा विमा नव्या किमतीनं असला तरी नवे लूम बसवून खर्च होईपर्यंत कंपनीवर बंधन असतं ते घसारा वजा केलेल्या किमतीचंच. म्हणून अंतरिम मागणीत १.३० कोटी धरता येत नाहीत. घसारा काढून समजा ७० लाख, जळक्या लोखंडाचे ६ लाख वजा, ६४ लाख. विमा रक्कम कमी पडल्याचा मुद्दाही पुढे निघू शकतो. तुमची पॉलिसी पाच ते पन्नास कोटींच्या टप्प्यातली, म्हणजे भारत लघु उद्यम सुरक्षा असावी. तीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट सोडून दिली जाते, तरी मी आणखी दहा लाख मागे ठेवीन. ५४ लाख. इमारतीत ज्या भिंतींचं स्ट्रक्चरल ऑडिट बाकी आहे त्या सोडून, घसारा काढून, ३० लाख.

बेरीज २.२६ कोटी. शेड्यूलवर छापलेला एक्सेस, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायचा हिस्सा, यातून कमी होईल. माझ्या पाहण्यात कंपन्या अशा किमान आकड्याच्या निम्म्यापासून पाऊणपर्यंत देतात. पाऊण मागा, म्हणजे १.७० कोटी. निम्मे मिळाले तरी १.१३ कोटी होतात, म्हणजे देऊ केलेल्या चाळीस लाखांच्या जवळपास तिप्पट. पत्रात एक वाक्य मात्र चुकवू नका: ‘हा हिशोब केवळ अंतरिम रकमेसाठी आहे, आमचा चार कोटींचा दावा यानं कमी होत नाही.’ नाहीतर अंतिम असेसमेंटच्या वेळी तुमचंच पत्र तुमच्यासमोर ठेवतील.

‘आगीचं कारणच अजून ठरलेलं नाही’ असं उत्तर आलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या मुदित रोडवेजच्या निकालाकडे बोट दाखवा: आग लागली हे सिद्ध झालं आणि ती विमाधारकानं लावलेली नाही, तर नेमकं कारण महत्त्वाचं राहत नाही. अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल पत्रासोबत जोडा. मात्र कंपनीनं लेखी कळवलं असेल की घातपाताचा संशय आहे, तर अंतरिम रक्कम विसरा; तो वेगळा लढा आहे.

आता सही. ऑन अकाउंट रकमेची पावती द्यायला हरकत नाही, तिचे शब्द बदलून घ्या: ‘अंतिम दाव्यात समायोजनाच्या अटीवर, उर्वरित हक्क राखून, अंतरिम रक्कम मिळाली.’ क्लेम पुढे देय ठरला नाही तर रक्कम परत करू, असं हमीपत्र कंपनी मागेल. ते रास्त आहे, द्या. कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या व्हाउचरवर सही घेऊ नये आणि व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयनं २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना कळवलेलं आहे. अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या १९९९ च्या निकालातही नुसत्या सहीनं दावा बुडत नाही असं म्हटलंय, पण सही फसवून किंवा दबावानं घेतली हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. २०१४ अखेरच्या जीनस पॉवरच्या प्रकरणात मोघम ‘दबाव होता’ एवढं म्हणणं न्यायालयाला पुरेसं वाटलं नाही. नाइलाजानं सही करावीच लागली, तर त्याच दिवशी ईमेलवर निषेध नोंदवा. महिनाभरानं सुचलेल्या दबावावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पैसे मंजूर झाले तरी तुमच्या चालू खात्यात येतील असं धरू नका. माल आणि यंत्रं बँकेकडे तारण असतील, तर पॉलिसीवर अ‍ॅग्रीड बँक क्लॉज असतो आणि कंपनी रक्कम बँकेलाच देते. माल जळाल्यामुळे ड्रॉइंग पॉवर खाली आलीय, तेव्हा आलेली रक्कम बँक सीसीत जिरवेल आणि पगार पुन्हा थकलेलेच राहतील. म्हणून कंपनीला पत्र जाईल त्याच दिवशी शाखा व्यवस्थापकांनाही द्या. मागणी अशी ठेवा: मालापोटी आलेली रक्कम सीसीत जमा होऊ दे, पण मंजूर मर्यादा कमी करू नका आणि नवीन सूत येईल तसतशी उचल द्या. यंत्रांचे पैसे मुदत कर्जात वळते न करता नव्या लूमच्या पुरवठादाराला थेट द्या. पगारासाठी ठरावीक रक्कम मोकळी करण्याचं स्वतंत्र ना-हरकत पत्र मागा. शाखा स्वतःहून ‘हो’ म्हणणार नाही, फाइल विभागीय कार्यालयात जाईल, त्याला दोन-तीन आठवडे धरा.

कंपनीनं पंधरा-वीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि मग ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका. ग्राहक आयोगाचा रस्ता कारखान्यालाही बंद नाही, हे २०२३ च्या हरसोलिया मोटर्सच्या निकालानं स्पष्ट झालंय. तिथे अधिकारक्षेत्र क्लेमवरून नाही, भरलेल्या हप्त्यावरून ठरतं. हप्ता पन्नास लाखांच्या आत असल्यानं तुमची तक्रार इथेच, सोलापूरच्या जिल्हा आयोगात चालेल. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशही मागता येतो. पण सर्वेअरचा एकही आकडा कागदावर नसताना आयोग रक्कम द्यायला लावेल असं मला वाटत नाही. त्यामुळे आधी तो अंतरिम अहवाल निघू द्या आणि त्याची प्रत कंपनीकडे लेखी मागा.