लवचिकतेचं उत्तर तपासताना

कांदा २० रुपयांवरून २२ झाला, मागणी १०० किलोवरून ९५ वर आली. मध्यबिंदू पद्धतीने, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांच्या सरासरीवर टक्के काढून, मागणीत ५.१३ टक्के घट, किमतीत ९.५२ टक्के वाढ, म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागून मागणीची लवचिकता −०.५४. मधेच ५ आणि १० असं पूर्णांकात आणलंस तर −०.५ येईल, तेव्हा पूर्णांकन शेवटीच कर. उत्तरापुढे ‘किलो’ दिसलं तर खोड, इथे एकक नसतंच. उणे चिन्ह गाळायचं असेल तर तसं लिही. मग खर्च बघ: किंमत वाढल्यावर २००० चे २०९० रुपये झाले, म्हणजे चिन्ह सोडून लवचिकता एकाहून कमीच हवी. मी हे नेहमी करतो, चूक लगेच सापडते. आकृतीत किंमत उभ्या अक्षावर, ‘रुपये प्रति किलो’ असं लिहून. नुसतं ‘किंमत’ लिहून सोडू नकोस.