टॉवेल निर्यातदाराचं पेस्टेल: चाळीस मुद्द्यांतले खरे वजनदार कोणते?

प्रश्न: एमबीएच्या प्रोजेक्टसाठी सोलापूरच्या एका टेरी टॉवेल निर्यातदाराचं पेस्टेल करतोय. चाळीसेक मुद्दे जमलेत. कुठला कुठल्या रकान्यात टाकायचा आणि त्यातले खरंच महत्त्वाचे कोणते, हे कसं ठरवायचं?

उत्तर:

पेस्टेल म्हणजे कंपनीबाहेरच्या बदलांची सहा रकान्यांतली यादी: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तंत्रज्ञान, पर्यावरण आणि कायदा. या रकान्यांचं आधी उरकून घेऊ. मुद्दा परिणामावरून बसवू नका, बदल मुळात कुणी किंवा कशाने घडवला त्यावरून बसवा. परिणाम शेवटी सगळेच पैशात उतरतात, त्यामुळे परिणाम पाहत गेलात तर अर्धा तक्ता ‘आर्थिक’मध्ये जाऊन बसेल. नोव्हेंबर 2023 पासूनच्या येमेनमधल्या हूती बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं तांबडा समुद्र सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. भाडं वाढलं, दिवस वाढले, पण मूळ राजकीय आहे. यंत्रांवर अनुदान देणारी ए-टफ्स योजना 31 मार्च 2022 ला संपली. विद्यार्थी हा मुद्दा हमखास ‘तंत्रज्ञान’मध्ये लिहितात. माग तेच राहिले, बदलला तो सरकारचा निर्णय. म्हणून तोही राजकीय.

यात घोळ होतो तो चुकीच्या रकान्यामुळे नाही, एकच गोष्ट तीन रकान्यांत शिरल्यामुळे. ‘युद्धजन्य स्थिती’ राजकीयमध्ये, ‘भाडेवाढ’ आर्थिकमध्ये आणि ‘लांबच्या फेऱ्यांमुळे कार्बन’ पर्यावरणात लिहिलं, की पुढे गुण देताना त्या एकाच घटनेला तिप्पट वजन मिळतं. म्हणून एका कारणाला एकच ओळ द्या आणि ती ओळ पूर्ण वाक्यात लिहा: काय बदललं, त्यामुळे पुढे काय बदलतं, आणि कारखान्याच्या कॉस्टिंग शीटवरचा कुठला आकडा हलतो. सूत, रंगाई, मजुरी, वीज, पॅकिंग, व्याज, विक्रीदर यांपैकी एकाचंही नाव घेता आलं नाही, तर ती ओळ खोडा. ‘ग्राहकांमध्ये पर्यावरणाविषयी जागरूकता वाढत आहे’ असली वाक्यं इथेच गळतात. चाळीसचे पंचवीस होतील.

उरलेल्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेजारच्या टॉवेल कारखान्यालाही हाच फटका बसतो का? नसेल, तर तो पेस्टेलचा मुद्दाच नव्हे. जुने माग, एकाच ग्राहकावर अवलंबून असणं हे कंपनीच्या आतले प्रश्न. खरेदीदार 90 दिवसांची उधारी मागतो, हा उद्योगातल्या ताकदीचा प्रश्न. तो उद्योगातली स्पर्धा तपासणाऱ्या पोर्टरच्या पाच बलांकडे पाठवा.

दुसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते निर्यातदाराच्या बाबतीत सगळा निकाल त्यावरच लागतो. हाच फटका पाकिस्तानातल्या कराचीला आणि तुर्कस्तानातल्या देनिझलीलाही तेवढाच बसतो का? टॉवेलमध्ये पाकिस्तान आणि तुर्कस्तान हे थेट स्पर्धक आहेत. जगभर कापूस महागला तर सगळ्यांचीच कोटेशनं वर जातात आणि थोड्या ओढाताणीनंतर खरेदीदार दर वाढवून देतो. फक्त भारतातला कापूस महागला तर तो दर वाढवून देत नाही, ऑर्डरच दुसरीकडे नेतो. मोजायचा असतो तो फरक.

रुपयाचंच बघा. 2022 च्या सुरुवातीला डॉलर साधारण 74 रुपयांना होता, 2023 मध्ये 83 च्या आसपास गेला. ‘रुपया घसरला, निर्यातदाराचा फायदा’ एवढं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. त्याच काळात पाकिस्तानी रुपया 177 च्या आसपासवरून 280 च्या घरात गेला. तिथल्या महागाईने त्यातला काही भाग खाल्ला, तरी डॉलरमध्ये दर तोडायला कराचीला सोलापूरपेक्षा जास्त जागा मिळाली. शिवाय आपल्या खरेदीदारालाही विनिमय दर दिसतच असतो. पुढच्या सीझनच्या बोलणीत तो आपला वाटा मागून घेतो.

आता वजन कसं काढायचं ते एका नमुन्यावर करू. समजा, विक्री 40 कोटी, त्यात अमेरिका 24 कोटी, युरोप 10 कोटी, आखाती देश 6 कोटी. सुतावर 20 कोटी खर्च होतात आणि निव्वळ नफा 6 टक्के, म्हणजे 2.40 कोटी. हे आकडे मी गृहीत धरलेत, तुम्ही तुमच्या कंपनीचे घाला. प्रत्येक मुद्द्याचा रुपयांतला फटका काढायचा आणि त्या 2.40 कोटींशेजारी ठेवायचा. एक ते पाच गुण देऊन काही कळत नाही, कारण चार गुण म्हणजे किती लाख, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

सुरुवात अमेरिकी शुल्कापासून. सुती टेरी टॉवेलचा सीमाशुल्काचा कोड 6302.60, त्यावर अमेरिकेचं मूळ शुल्क 9.1 टक्के. ऑगस्ट 2025 मध्ये भारतावर जादा शुल्क 7 तारखेपासून 25 टक्के झालं आणि 27 तारखेपासून आणखी 25, म्हणजे जादा शुल्कच एकूण 50. त्याच वेळी पाकिस्तानवर 19, बांगलादेशवर 20 आणि तुर्कस्तानवर 15 टक्के जादा होतं. मूळ 9.1 सगळ्यांनाच समान, म्हणून ते हिशोबातून बाजूला ठेवा. 7 ऑगस्टला पाकिस्तानशी फरक होता 6 अंकांचा. खरेदीदाराने तो सगळा आपल्याकडूनच मागितला तर 24 कोटींवर 1.44 कोटी जातात. नफा अर्ध्याहून खाली येतो, पण कारखाना चालतो. 27 ऑगस्टला फरक झाला 31 अंकांचा, म्हणजे 7.44 कोटी. एवढी सूट कुणी देऊच शकत नाही, म्हणजे तो धंदाच जाण्याच्या वाटेवर. मुद्दा तोच, रकाना तोच, वीस दिवसांत ‘गंभीर’चा ‘जीवघेणा’ झाला. हे दर पुढे बदलत राहतात, म्हणून ओळीत तारीख घाला आणि आपल्या तारखेचे दर hts.usitc.gov वर आणि त्या वेळच्या आदेशात तपासा. आणखी एक बारकावा: अमेरिका शुल्क एफओबीच्या जवळपासच्या मूल्यावर लावते, म्हणजे समुद्रभाडं त्यात येत नाही. युरोप सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा धरलेल्या मूल्यावर लावतो. म्हणून भाडं वाढलं की युरोपात शुल्काची रक्कमही वाढते.

मग सूत. वर्षाच्या 20 कोटींवर 10 टक्के म्हणजे 2 कोटी, असं लिहिलं की जवळजवळ सगळा नफा गेलेला दिसतो आणि मुद्दा पहिल्या क्रमांकावर चढतो. पण दर बांधून दिलेला असतो तो हातातल्या ऑर्डरींपुरता. तीन महिन्यांच्या ऑर्डरी धरल्या तर त्यांना 5 कोटींचं सूत लागेल. त्यातलं निम्मं आधीच बुक असेल, तर उघडं राहतं 2.5 कोटींचं, आणि 10 टक्क्यांनी फटका बसतो 25 लाखांचा. त्यापुढची ऑर्डर नव्या भावाने कोट होते. तिथे पुन्हा कराचीचा प्रश्न: भाववाढ भारतापुरती आहे का? कापसावर फेब्रुवारी 2021 पासून 11 टक्के आयात शुल्क लागलं. 2022 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2025 मध्ये ते काही महिन्यांसाठी माफ झालं. टॉवेलला जाड, कमी काउंटचं सूत लागतं आणि ते बहुतेक देशी कापसाचं असतं. म्हणून हे शुल्क टॉवेलवाल्याला थेट भरावं लागत नाही. ते त्याला लागतं आडून, देशी भाव परदेशी भावापेक्षा वर टिकून राहतो तेव्हा. ओळीत हाच मार्ग लिहा. नुसतं ‘कापूस आयात शुल्क’ लिहिलं तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.

तांबड्या समुद्राने बातम्या भरल्या होत्या, म्हणून प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तो वर असतो. आपला नमुना कारखाना एफओबी विकतो, म्हणजे भाडं खरेदीदाराचं. माल 12 दिवस उशिरा पोचला आणि पैसे माल पोचल्यावर मिळायचे ठरले असतील, तर युरोपच्या 10 कोटींवर 10 टक्क्यांनी 12 दिवसांचं व्याज होतं साधारण 3.3 लाख. बस्स. हाच कारखाना सीआयएफ विकत असता, तर भाडेवाढ थेट त्याच्या अंगावर आली असती. म्हणून वजन ठरवण्याआधी विक्रीच्या अटी विचारून घ्या. पेस्टेलच्या तक्त्यात त्या कुठेच दिसत नाहीत.

काही मुद्द्यांना हा गुणाकार लावू नका. युरोपच्या रीच या रसायनांविषयीच्या नियमावलीत, त्वचेला लागणाऱ्या कापडात काही ठरावीक ॲरोमॅटिक अमाइन सोडणारे आझो रंग चालत नाहीत. मर्यादा किलोला 30 मिलिग्रॅम, आणि यादीत टॉवेलचं नाव स्पष्ट आहे. नापास व्हायची शक्यता दोन टक्के धरून गुणाकार केलात तर रक्कम किरकोळ येईल आणि मुद्दा तळाला जाईल. प्रत्यक्षात माल पास असतो किंवा नसतो, आणि नसेल तर अख्खी खेप अडकते, ग्राहकही जाऊ शकतो. शिनजियांगच्या कापसाला अडवणारा अमेरिकी कायदा जून 2022 पासून लागू आहे, तोही याच जातीचा: सूत कुठल्या कापसाचं, याचे कागद मागितले गेले आणि नसले, तर माल बंदरावर. अशा मुद्द्यांची वेगळी यादी करा आणि त्यांच्यापुढे रक्कम लिहू नका. कोण तपासतं, कुठला कागद लागतो आणि तो आज कारखान्यात आहे का, एवढंच लिहा. सोलापूरचं पाणीही मी याच यादीत टाकतो. रंगाईला पाणी मिळालंच नाही तर सूत रंगत नाही, टॅंकरने आणलं तर किलोमागे खर्च चढतो. टॅंकरचा खर्च रुपयांत मोजता येतो, ऑर्डर चुकण्याचा धोका येत नाही.

सामाजिक आणि तंत्रज्ञान या दोन रकान्यांत फार काही सापडलं नाही तर ओढूनताणून भरू नका. विणकर घरांतली पुढची पिढी मागावर यायला तयार नाही, हा खरा मुद्दा आहे, पण तो पाच-दहा वर्षांत उलगडणारा आहे. ऑर्डरीचं चक्र तीन-चार महिन्यांचं आहे, त्याच्या शेजारी ठेवून बघितलं तर तो या वर्षीच्या निर्णयात येत नाही, नवे माग घ्यायचे की नाही या निर्णयात येतो. प्रत्येक ओळीपुढे ‘किती महिन्यांत’ हा रकाना ठेवला की हे आपोआप वेगळं होतं.

आणि फायद्याच्या मुद्द्यांनाही कराचीची चाळणी लावा. भारत-ब्रिटन व्यापार करारावर 24 जुलै 2025 ला सही झाली आणि बहुतेक प्रोजेक्टमध्ये तो ‘मोठी संधी’ म्हणून येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशचा टॉवेल ब्रिटनमध्ये आधीपासूनच शून्य शुल्काने जातो. त्यामुळे या ओळीत ‘आघाडी मिळेल’ असं लिहू नका, ‘त्यांच्याशी असलेला शुल्काचा फरक भरून निघेल’ असं लिहा, आणि रक्कम ब्रिटनमधल्या विक्रीवरच काढा. आपल्या नमुन्यात ती युरोपच्या 10 कोटींच्या आत कुठेतरी आहे. तुमच्या कंपनीकडून तो आकडा वेगळा मागून घ्या.