वॉरंटी आणि इन्डेम्निटी, दोन्हींना ‘हमी’?

प्रश्न: सोलापुरातली एका कुटुंबाची टॉवेल बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी विकत घेतोय, सगळे शेअर. करारात वॉरंटी, इन्डेम्निटी आणि कंडिशन प्रिसिडेंट असे तीन भाग आहेत. मराठी मसुद्यात पहिल्या दोन्हींना ‘हमी’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर: नाही चालणार. वॉरंटीला ‘हमीचे विधान’, इन्डेम्निटीला ‘क्षतिपूर्ती’ आणि तिसऱ्याला ‘पूर्वअट’ लिहून घ्या. पहिल्या दोन्हींत पैसे मिळण्याची वाटच वेगळी आहे, आणि ती पीएफच्या प्रश्नात सगळ्यात स्पष्ट दिसते.

समजा, कंपनीचा वर्षाचा नफा दीड कोटी आहे आणि त्याच्या चौपट, म्हणजे 6 कोटी किंमत ठरली. करारात विक्रेत्यांचं विधान आहे, ‘सर्व पात्र कामगारांचा पीएफ नियमित भरला आहे.’ ताबा घेतल्यावर कळतं की पीस-रेटवरच्या बऱ्याच कामगारांची नावंच पीएफला घातलेली नाहीत. मागची थकबाकी, व्याज आणि दंड मिळून 40 लाखांची मागणी येते. शिवाय इथून पुढे दरवर्षी 12 लाख जास्त भरावे लागणार.

हे हमीचं विधान खोटं ठरलं, म्हणजे करारभंग झाला. अशी भरपाई भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 नुसार मागायची. विधान खोटं होतं, त्यामुळे नुकसान झालं आणि ते दूरान्वयाचं नाही, हे सगळं तुम्ही सिद्ध करायचं. मात्र इथे एक फायदाही आहे. खरा नफा 1 कोटी 38 लाख होता, म्हणजे चौपटीने किंमत 5 कोटी 52 लाख व्हायला हवी होती. शेअरच्या किमतीत पडलेला हा 48 लाखांचा फरक मागता येतो. क्षतिपूर्तीत तो सहसा येत नाही. तिथे ठरलेल्या घटनेपोटी जेवढा खर्च पडेल तेवढा रुपयाला रुपया मिळतो. इथे ते मागणीचे 40 लाख.

खरी अडचण पुढे आहे. विक्रेते करारासोबत डिस्क्लोजर लेटर देतात. ‘पीस-रेट कामगारांचा पीएफ भरलेला नाही’ असं त्यात एक वाक्य आलं, की त्या विधानाला अपवाद जोडला गेला. मग ते खोटं ठरत नाही आणि दावाही उरत नाही. म्हणून ठाऊक असलेल्या जोखमीसाठी वॉरंटीवर विसंबू नये. मागच्या 40 लाखांसाठी क्षतिपूर्तीचं वेगळं कलम घ्या, आणि ‘विक्रेत्यांनी उघड केलेली किंवा खरेदीदाराला ठाऊक असलेली माहिती या कलमाच्या आड येणार नाही’ हे त्यात लिहा. पुढच्या 12 लाखांच्या वार्षिक बोज्यासाठी सही करण्याआधीच किंमत कमी करून घ्या.

क्षतिपूर्तीच्या कलमात पैसे कधी द्यायचे तेही हवं. ‘मागणीचा आदेश निघाल्यापासून 30 दिवसांत’ असं स्पष्ट नसेल, तर आधी तुम्ही भरा मग बघू, हा वाद हमखास होतो.

आणखी एक चूक मसुद्यात फार वेळा सापडते: ‘कंपनी व विक्रेते क्षतिपूर्ती देतील.’ यातून ‘कंपनी’ काढून टाका. शेअर तुमच्या नावावर आले की कंपनी तुमचीच, म्हणजे भरपाई तुम्हीच तुम्हाला देणार! देणारे विक्रेतेच हवेत, तेही ‘एकत्रितपणे व प्रत्येकी’. जबाबदारी ज्याच्या-त्याच्या वाट्यापुरती लिहिली, तर तीन भावांपैकी एक परदेशी गेल्यावर त्याच्या वाट्याचे पैसे त्याच्याकडेच मागत बसावं लागतं. त्यातही पैसे मिळण्याची खरी खात्री कागदापेक्षा रोखून ठेवलेल्या रकमेत असते. 6 कोटींतले 50 लाख दोन वर्षं तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या एस्क्रो खात्यात ठेवणं इथे वाजवी आहे.

पूर्वअटीचं काम वेगळं आहे. ती पुरी होईपर्यंत पैसे देण्याचं बंधन तुमच्यावर येत नाही. ती पुरी झाली नाही म्हणून मात्र भरपाई मिळत नाही, व्यवहार फक्त थांबतो. भरपाई हवी असेल तर ‘अट पुरी करण्यासाठी विक्रेते आवश्यक ती सर्व पावलं उचलतील’ असं स्वतंत्र वचन घ्यावं लागतं.

घरच्या कंपनीत पूर्वअटीत घालाव्यात अशा दोन गोष्टी मी आधी तपासेन. एक, वारलेल्या वडिलांचे शेअर अजून त्यांच्याच नावावर आहेत का. असतील तर वारसांच्या नावावर चढवून घेतल्याशिवाय ते विकणार कोण? दोन, कारखान्याची जागा कंपनीची आहे की आईच्या नावावर. शेअर घेतल्याने आईची जागा तुमची होत नाही, आणि कुटुंबात आजवर भाडेपट्ट्याची गरज कुणाला वाटलेली नसते. नोंदणीकृत भाडेपट्टा क्लोजिंगआधी, म्हणजे पैसे देऊन शेअर नावावर घेण्याआधी, हातात हवा. जागा एमआयडीसीची असेल तर भागधारक बदलण्यासाठी त्यांची संमती लागते का, हे लीज डीडमध्ये पाहा. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचीही लेखी संमती मागा.

या अटींना शेवटची तारीख घाला आणि ‘अट सोडून देण्याचा अधिकार फक्त खरेदीदाराला’ असं लिहा. सही आणि क्लोजिंग यांत दोन-तीन महिने जाणार असतील, तर हमीची विधानं क्लोजिंगच्या दिवशीही पुन्हा दिली जातील हे वाक्य हवंच. त्याविना मधल्या काळात आलेली पीएफची नोटीस कुठल्याच विधानाच्या कक्षेत येत नाही.