पाटीवर २००० वॉट, मग मशीनचा महिन्याचा खरा खर्च किती?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला राहतो. ७ किलोचं फ्रंट लोड मशीन घेतलं. मागच्या पाटीवर २००० वॉट लिहिलंय आणि एक धुणं दोन तास चालतं. म्हणजे एका धुण्याला ४ युनिट? आई म्हणते रोज लावू नका, बिल फुगेल. पाणी बोअरचं आहे. महिन्याचा खरा खर्च कसा काढायचा?

उत्तर:

४ युनिट अजिबात जात नाहीत. पाटीवरचा आकडा म्हणजे मशीन एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज ओढेल तो. हीटर आणि ड्रम फिरवणारी मोटर एकाच वेळी चालू असतील तेव्हाचा. वायर, एमसीबी आणि १६ अँपिअरचं सॉकेट कोणतं लावायचं हे ठरवायला तो लागतो. खर्च काढायला त्याचा उपयोग नाही, कारण ४० अंशांवरच्या दोन तासांच्या धुण्यात हीटर पंधरा मिनिटंही चालत नाही आणि थंड पाण्याचा प्रोग्राम लावला तर लागतच नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, तेही एक रुपया खर्च न करता. घराच्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ एवढाच की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही मीटरवर आकडा वेगळा असतो, म्हणून आपल्या मीटरवरचा नीट वाचून घ्या. मीटरला आणि सीलला हात लावायचं काहीच कारण नाही, फक्त बघायचं.

मशीन लावायच्या आधी घरातलं बाकी सगळं बंद करा: फ्रिज, गीझर, पंखे, वायफायचा राउटर. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इन्व्हर्टरपाशी. तो बॅटरी चार्ज करायला गुपचूप शंभर-दोनशे वॉट ओढत राहतो आणि हिशेब मशीनच्या नावावर चढतो. त्याचं इनपुट स्विच बंद करा. आता दिवा जवळपास थांबला पाहिजे. नाही थांबला तर घरात अजून काहीतरी चालू आहे. ते सापडल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मग नेहमीचं धुणं लावा आणि मीटरसमोर मोबाईल धरून एकेका मिनिटाचे व्हिडिओ घ्या: एक सुरुवातीला, एक हीटर चालू झाल्यावर, एक खंगाळताना, एक शेवटच्या पिळणीला. व्हिडिओ संथ करून लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरला मिनिटातली लुकलुक गुणिले १८.७५ केलं की वॉट मिळतात. मीटरवर दुसरा आकडा असेल तर ६०,००० ला त्या आकड्यानं भागा, जे येईल त्यानं गुणा.

साताऱ्यात गोडोलीतल्या एका घरी असं केलं होतं, तुमच्यासारखंच ७ किलोचं फ्रंट लोड, ४० अंशांचा सुती कपड्यांचा प्रोग्राम. सुरुवातीला दिवा बारा-बारा सेकंदांनी एकदा लुकलुकत होता, म्हणजे मिनिटाला ५, म्हणजे जेमतेम ९५ वॉट. मग एकदम सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकायला लागला. मिनिटाला १०७, म्हणजे २००० वॉट. पाटीवरचा आकडा तो हाच. १३ मिनिटांनी दिवा पुन्हा शांत झाला. शेवटच्या पिळणीत मिनिटाला १८.

आता बेरीज. हीटरची १३ मिनिटं गुणिले १०७, झाले १३९१. धुणं-खंगाळणं ९० मिनिटं गुणिले ५, झाले ४५०. पिळणी १२ मिनिटं गुणिले १८, झाले २१६. एकूण २०५७ भागिले ३२००, म्हणजे ०.६४ युनिट. त्यातला दोन तृतीयांश भाग त्या १३ मिनिटांचा आहे. हाच प्रोग्राम थंड पाण्यावर लावला तर ०.२३ युनिट.

हा आकडा पटतो का, तेही तपासता येतं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात आणि एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. धुताना ड्रममध्ये १४ लिटरच्या आसपास पाणी असतं. ते २२ अंशांवरून ४० वर न्यायला ०.३ युनिट लागतं. कपडे आणि स्टीलचा ड्रमही तापतो, थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून ०.४ पर्यंत पोचतं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी मुळातच कोमट असतं, तेव्हा हा भाग आणखी कमी होतो. ६० अंश लावलेत तर मात्र एक धुणं एक युनिटच्या आसपास जातं.

पुढचा प्रश्न युनिटच्या दराचा. इथं बरेच जण एकूण बिलाला एकूण युनिटनं भागून सरासरी काढतात. ते चुकीचं आहे. घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे असतात आणि मशीनची युनिटं बाकीच्या वापराच्या वर जाऊन बसतात. मशीन नसताना तुमचा वापर १३० युनिट असेल, तर मशीनचं प्रत्येक युनिट दुसऱ्या टप्प्याच्या दराचं. तो दर बिलावरून काढा: त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार धरू नका, तो मशीन असो-नसो द्यावाच लागतो. मी पुढं पहिल्या टप्प्याला ७ आणि दुसऱ्याला १३ रुपये धरतो, तुम्ही तुमच्या चालू बिलावरचे आकडे घाला.

आईंची भीती बहुतेक अशी असेल की १०० च्या वर गेलं की सगळं बिल महाग दरानं लागतं. तसं होत नाही. पहिली १०० युनिटं पहिल्याच दरानं राहतात, वरची तेवढी महाग. वापर ९५ वरून ११५ झाला तर पाच युनिटं ७ नं आणि पंधरा १३ नं, एकूण २३० रुपये.

महिन्याला २६ धुणी धरली तर ४० अंशांवर १६.६ युनिटं, म्हणजे साधारण २१६ रुपये. थंड पाण्यावर ६ युनिटं, ७८ रुपये. फरक सगळा हीटरचा. तेलकट टॉवेल, आजाऱ्याची चादर, लहान मुलांचे कपडे गरम पाण्यात धुवा. रोजच्या घामाच्या कपड्यांना थंड प्रोग्राम पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाणी, आणि बोअरवाल्यांनी हा भाग सोडू नये. मशीनचा सांडपाण्याचा पाइप मोरीतून काढून मापाच्या बादलीत सोडा आणि प्रत्येक उपसा मोजा. दोन जण लागतात, बादली मिनिटभरात भरते. पाइपचं तोंड मात्र जमिनीवर टेकवू नका, बादली उंच स्टुलावर ठेवून तोंड कमरेच्या उंचीला राहू द्या. खाली ठेवलं तर ड्रममधलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहत राहतं आणि मशीन वरून भरतच राहतं. काही घरांत पाइप कायमच असा खाली सोडलेला असतो आणि मशीन पाणी फार पितं अशी तक्रार होते. खूण सोपी आहे: धुणं चालू असताना, उपसा सुरू नसताना पाइपातून पाणी यायलाच नको.

गोडोलीत बादल्यांत ५८ लिटर आलं. कपडे कोरडे साडेचार किलो होते आणि पिळून सात, म्हणजे अडीच लिटर कपड्यांत राहिलं. एका धुण्याला ६० लिटर, महिन्याला १५६० लिटर.

या पाण्याचा तुमचा खर्च म्हणजे बोअरच्या मोटरची वीज, आणि तीही त्याच लाल दिव्यानं मोजता येते. समजा मोटर चालू असताना मिनिटाला ८० लुकलुक, म्हणजे १५०० वॉट, आणि हजार लिटरची टाकी भरायला ५० मिनिटं. मग हजार लिटरला सव्वा युनिट. तुमचं १५६० लिटर म्हणजे जवळपास २ युनिटं, २५ रुपये.

टॉप लोडवाल्यांनी हेच गणित जरूर करावं. तिथं एका धुण्याला १३० लिटर सहज जातं, पण हीटर नसला तर मशीनची वीज ०.१२ युनिटच्या आसपास. महिन्याला मशीन ३ युनिटं खातं आणि त्याचं पाणी वर चढवायला बोअरची मोटर ४ युनिटं खाते! मशीनवरच्या स्टार लेबलवर हा आकडा कुठंच येत नाही. नळाचं पाणी स्वतःच्या जोरानं टाकीत चढत असेल तर हा खर्च शून्य. सोसायटीत मोटर सामायिक मीटरवर असेल तर तो मेंटेनन्समध्ये लपतो.

साबणाचा खर्च मी फार लांबवत नाही, पण वगळता येत नाही. २०० रुपये लिटरचं लिक्विड ४० मिली घातलं तर धुण्याला ८ रुपये, महिन्याला २०८, म्हणजे विजेइतकाच. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून लोक हात सैल सोडतात. नळाचं पाणी आलं त्या दिवशी तेवढंच घातलं की फेस जास्त होतो आणि बरीच फ्रंट लोड मशिनं फेस ओळखून आपणहून खंगाळणं वाढवतात. वेळ नेहमीपेक्षा वाढत असेल तर आधी साबण कमी करून बघा. जड पाण्याचा क्षार हीटरवर बसला तर विजेत फार फरक पडत नाही, उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. पण कॉइल स्वतः जास्त तापून जळते, आणि तो दुरुस्तीचा खर्च मोठा.

थोडक्यात तुमच्यासारख्या घराला ४० अंशांवर महिन्याला साधारण ४५० रुपये, थंडवर ३१० च्या आसपास. आईंचं म्हणणं वेगळ्या कारणानं बरोबर आहे: अर्धा ड्रम भरून लावलं तर पाणी आणि साबण अर्ध्यावर येत नाहीत. एका दिवसाचे कपडे ड्रमच्या निम्म्यापर्यंतच येत असतील तर एक दिवसाआड लावा. वर हाताची वीत बसेल एवढी जागा मात्र सोडा, ठासून भरलं तर कपडे घुसळतच नाहीत आणि पुन्हा धुवावं लागतं.

बोअरचं मोजमाप एप्रिल-मेमध्ये परत करा. पाणी खोल गेलं की तीच टाकी भरायला सव्वा तास लागू शकतो, आणि मग हजार लिटरचा सव्वा युनिटचा आकडा पावणेदोन-दोनवर जातो.